आठशे भागिले किती?

हॉटेलाबाहेर गाडीच्या सीटवर एका अंगाने टेकून मोबाइल बघत बसलेल्या डिलिव्हरी रायडरला “दिवसाला किती सुटतात?” असं विचारलं, की उत्तर तयारच असतं. “आठशे. कधी हजार.” उत्तर खोटं नसतं. रात्री ॲपवर तोच आकडा दिसतो आणि आठवड्याच्या शेवटी त्याच हिशेबाने बँकेत पैसे पडतात. प्रश्न एवढाच, की हे आठशे कशाने भागायचे. ऑर्डर हातात असतानाच्या मिनिटांनी, ॲप चालू असतानाच्या तासांनी, की घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंतच्या वेळाने? रायडरच्या बायकोला विचारलं तर ती तिसराच आकडा सांगेल, कारण नवरा सकाळी किती वाजता बाहेर पडला आणि जेवायला किती वाजता आला, हे तिला पक्कं माहीत असतं.

हिशेबासाठी पुण्यातला एक दिवस घेऊ. रायडर काल्पनिक आहे, पण दिवस मंगळवारसारखा साधा आहे. पाऊस नाही, सण नाही. तो धायरीला राहतो आणि त्याचा झोन कोथरूडचा. सकाळी ११ वाजता तो घरून निघतो आणि साडेअकराला लॉगिन करतो. दुपारी साडेतीनपर्यंत जेवणाच्या ऑर्डरी. मग तीन तास ॲप बंद, कारण तेव्हा काम नसतं. घरी जाऊन यायचं तर १६ किलोमीटरचं पेट्रोल जाणार, म्हणून तो एखाद्या झाडाखाली वेळ काढतो. संध्याकाळी साडेसहाला पुन्हा लॉगिन, रात्री ११ ला लॉगआउट, साडेअकराला घर. दिवसभरात १७ ऑर्डरी झाल्या. ऑर्डरींचे ६५० रुपये, १७ चा टप्पा गाठल्याचा इन्सेंटिव्ह १५०, टिप २०. एकूण ८२०.

आता भागाकार. प्रत्येक ऑर्डरीला ढोबळमानाने २० मिनिटं लागली असं धरू: हॉटेलापर्यंत जायला ५, हॉटेलात पार्सलची वाट बघायला ५, ग्राहकाकडे जायला ८, गेट, लिफ्ट आणि दार मिळून २. गाडी प्रत्यक्ष फिरली ती ऑर्डरीमागे १३ मिनिटं. म्हणजे १७ ऑर्डरींना ३ तास ४१ मिनिटं. नुसत्या या वेळाने भागलं तर ताशी २२३ रुपये पडतात. ऑर्डर हातात असतानाचा सगळा वेळ धरला, तर ५ तास ४० मिनिटं होतात आणि दर १४५ वर येतो. लॉगिनचे साडेआठ तास धरले की ९६. घरातून निघाल्यापासून घरी येईपर्यंतचे साडेबारा तास धरले की ६६ रुपयांच्या खाली. माणूस तोच, दिवस तोच, पैसेही तेच. अजून पेट्रोलचा एक रुपयाही वजा केलेला नाही.

“तासाला दीडशेपर्यंत कमवा” असं कुणी म्हणालं तर ते यातलाच एक आकडा सांगत असतं. खालचा भाजक तेवढा बोलायचा राहतो.

या साडेआठ तासांत २ तास ५० मिनिटं अशी आहेत, की तेव्हा हातात ऑर्डरच नव्हती. यातला काही वेळ परतीचा. पार्सल बावधनच्या टोकाला दिलं, तिथे आसपास हॉटेलं नाहीत, म्हणून पुन्हा ऑर्डरी पडतात त्या चौकात यायचं. या परतीचे पैसे नाहीत. बाकीचा वेळ निव्वळ वाट बघण्याचा. रायडर तेव्हा मोकळा दिसतो, पण तसा नसतो. झोनबाहेर जाता येत नाही, फोन बाजूला ठेवता येत नाही, आणि ऑर्डर वाजली की काही सेकंदांत घ्यावी लागते. अर्ध्या तासात गरम जेवण दारात यावं अशी सेवा विकायची, तर कुणीतरी जवळच रिकामं बसून असावंच लागतं. आगीची वर्दी नाही म्हणून अग्निशमन दलाच्या जवानाचा त्या तासाचा पगार कापत नाहीत. इथे मात्र वर्दीचेच पैसे, बसण्याचे नाहीत.

हॉटेलातली वाट वेगळ्या जातीची असते. तिथे ऑर्डर हातात असल्याने ॲपच्या लेखी रायडर कामावर असतो, पण ऑर्डरीचा दर मुख्यतः अंतरावर ठरलेला असतो. रात्रीची एक बिर्याणीची ऑर्डर पाहा. ८ वाजून १० मिनिटांनी ऑर्डर वाजली, ८.१६ ला रायडर काउंटरवर पोचला. आतून आवाज आला, “पाच मिनिटं.” काउंटरवर आधीच सहा जण आपापला ऑर्डर नंबर शेवटच्या चार आकड्यांनी ओरडून सांगत होते. पार्सल मिळालं ८.३१ ला. सोसायटीच्या गेटवर ॲपमधून परवानगी येईपर्यंत वॉचमनने थांबवलं, मोठी लिफ्ट दुसऱ्या टोकाला होती, आणि दारात पार्सल दिलं तेव्हा ८.४७ झाले. मिळाले ४४ रुपये. ३७ मिनिटांना ४४, म्हणजे ताशी ७१. हॉटेलाने पार्सल तीन मिनिटांत हातात ठेवलं असतं तर हीच ऑर्डर २५ मिनिटांत आटपली असती आणि दर १०६ झाला असता. जुने रायडर हॉटेलांची नावं पाठ ठेवतात ती याचसाठी. कुठला काउंटर चटकन देतो आणि कुठला आठच्या सुमाराला तुंबतो, हे त्यांना ऑर्डरीच्या पैशांइतकंच महत्त्वाचं असतं. मात्र नको ती ऑर्डर सारखी नाकारली तर इन्सेंटिव्हवर गदा येऊ शकते, त्यामुळे या ज्ञानाचा उपयोग मर्यादितच.

दोन ऑर्डरींमधला रिकामा वेळ कशाने वाढतो, हे समजलं की दरवाढीचं एक कोडंही सुटतं. समजा कंपनीने ऑर्डरीचा दर सरासरी दोन रुपयांनी वाढवला. आपल्या रायडरला वाटेल, १७ ऑर्डरींवर ३४ रुपये जास्त. पण दर वाढल्याचं कळलं की त्याच झोनमध्ये आणखी मुलं लॉगिन करतात. जेवणाऱ्यांची संख्या तेवढीच आहे, म्हणून ऑर्डरी जास्त जणांत वाटल्या जातात. त्याच्या वाट्याला १७ ऐवजी १६ आल्या तर वाढ जवळजवळ तिथेच जिरली, आणि १७ चा इन्सेंटिव्हही हुकला. पगार कापला असं कुणी म्हणणार नाही, कारण ऑर्डरीचा दर खरंच वाढलेला आहे. वाढलं ते रिकामं बसणं, आणि ते पेआउटच्या पावतीवर कुठेच छापलेलं नसतं. म्हणून “ऑर्डरीला किती?” या प्रश्नाइतकाच “तासाला किती ऑर्डरी?” हा प्रश्न विचारायला हवा. आपल्या रायडरला लॉगिनच्या तासाला बरोबर दोन पडल्या.

आता खर्च. ऑर्डरीमागे हॉटेलापर्यंत सव्वा किलोमीटरच्या आसपास आणि ग्राहकापर्यंत अडीच, असे १७ ऑर्डरींचे ६३ किलोमीटर झाले. परतीचे आणखी १७ आणि घर ते झोन जाऊन-येऊन १६. काटा दिवसाला ९६ किलोमीटर पुढे सरकला. म्हणजे गाडी जितकी फिरली त्यातला तिसरा हिस्सा कुठल्याच ऑर्डरीच्या नावावर नाही. मोपेडचा ॲव्हरेज ४८ आणि पेट्रोल लिटरला १०४ रुपये धरलं, तर दोन लिटरचे २०८ झाले. ऑइल बदलणं, सर्व्हिसिंग, टायर, ब्रेक, बेल्ट यांचे किलोमीटरला ६० पैसे धरले तर ५८. हे पैसे रोज जात नाहीत, म्हणून डोळ्यांत भरत नाहीत. पण रोज शंभराच्या घरात गाडी चालली तर ३००० किलोमीटरचं सर्व्हिसिंग महिन्याभरातच येऊन उभं राहतं.

त्याहून न दिसणारा खर्च गाडीच्या झिजेचा. ९० हजारांची मोपेड एक लाख किलोमीटर चालवून २० हजारांना विकली, तर किलोमीटरमागे ७० पैसे रस्त्यावर घासून गेले. त्या दिवसाचे ६७ रुपये. बरेच रायडर हा खर्च धरतच नाहीत. गाडीचा हप्ता धरतात आणि तो फिटला की “आता गाडी फुकट” म्हणतात. गाडी फुकट नसते. ती हळूहळू विकली जात असते, एवढंच. डेटा आणि फोनच्या झिजेचे १२ रुपये मिळवले की एकूण खर्च ३४५. हातात राहिले ४७५.

४७५ ला साडेबारा तासांनी भागलं की ताशी ३८ रुपये येतात. पण हाही आकडा लगेच धरून बसण्यात अर्थ नाही, कारण तो कशाशी ताडून पाहायचा हे ठरलेलं नाही. कारखान्यात किंवा दुकानात नोकरी करणारा माणूस घरून कामावर जाण्याचा वेळ पगारात मोजत नाही, त्याचं पेट्रोलही स्वतःच घालतो. नोकरीशी तुलना करायची तर रायडरचाही येण्याजाण्याचा तास आणि ते १६ किलोमीटर बाजूला काढायला हवेत. मग ८० किलोमीटरचा खर्च २८९ येतो, ५३१ रुपये उरतात आणि लॉगिनच्या साडेआठ तासांनी भागून ताशी साडेबासष्ट पडतात. साप्ताहिक सुट्टी, आजारपणाची रजा आणि भविष्य निर्वाह निधी यांचा दुसऱ्या पारड्यातला भार मग वेगळा मोजावा लागेल.

राहिले दुपारचे तीन तास. ते कामाचे की आपले? रायडरचं घर कोथरूडमध्येच असतं, तो जेवून झोपला असता, मुलाला शाळेतून घेऊन आला असता, तर ते निखळ त्याचे. झाडाखाली हेल्मेट उशाला घेऊन काढलेले तीन तास आपले म्हणवत नाहीत. लेखकाच्या मते कसोटी सोपी आहे: काम नसतं तर त्या वेळी तो तिथे असता का? नसेल, तर ते तास हिशेबात आले पाहिजेत. म्हणजे याच दिवसाचा खरा दर ३८ आणि ६२ यांच्या मध्ये कुठेतरी आहे, आणि तो नेमका कुठे हे घराच्या अंतरावर ठरतं. झोनजवळ राहणारा आणि लांब राहणारा, दोघांना ॲपवर सारखेच पैसे दिसतात.

दुपारी ॲप चालू ठेवलं असतं तर? समजा तीन तासांत तीन ऑर्डरी मिळाल्या असत्या, ११५ रुपयांच्या. त्यासाठी १४ किलोमीटर गाडी फिरली असती. किलोमीटरला पेट्रोल, देखभाल आणि झीज मिळून साधारण साडेतीन रुपये पडतात, तेव्हा ४९ वजा. उरले ६६, म्हणजे तासाला २२. यापेक्षा झाडाखालची झोप बरी. पण २० ऑर्डरींवर आणखी १०० रुपयांचा टप्पा लावलेला असेल, तर तेच तीन तास १६६ रुपयांचे होतात, तासाला ५५. आता उठावंसं वाटतं. इन्सेंटिव्हचं खरं काम हे आहे. तो चांगल्या कामाचं बक्षीस म्हणून दाखवला जातो, पण त्याने मंद तासांतही रायडर रस्त्यावर हजर राहतात. टप्पा १९ वर हुकला, तर त्या तासांची वाट बघणी रायडरच्या खात्यात आणि हजेरीचा फायदा कंपनीच्या. म्हणून टप्प्यामागे धावताना शेवटच्या ऑर्डरींचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. दिवसाची सरासरी तिथे उपयोगाची नाही.

कंपन्या याबाबत अगदी गप्प असतात असंही नाही. ३१ डिसेंबर २०२५ ला डिलिव्हरी कामगारांनी संप पुकारला. त्यानंतर २०२६ च्या जानेवारीच्या सुरुवातीला झोमॅटोचे संस्थापक दीपिंदर गोयल यांनी समाजमाध्यमावर आकडे मांडले. २०२५ मध्ये रायडरची सरासरी कमाई टिप सोडून ताशी १०२ रुपये होती, २०२४ मध्ये ९२. हे तास लॉगिनचे असून ऑर्डरीची वाट बघण्याचा वेळ त्यात धरला आहे, असंही त्यांनी सांगितलं. हे श्रेय द्यायला हवं. १४५ च्या जातीचा भाजक त्यांनी वापरला नाही. पुढे त्यांनी हिशेब केला, की रोज १० तास आणि महिन्याला २६ दिवस काम केलं तर सुमारे २६,५०० रुपये होतात आणि पेट्रोल-देखभालीचे सुमारे २० टक्के वजा जाता २१,००० हातात राहतात. म्हणजे ताशी ८१ च्या आसपास.

भागाकार बरोबर आहे, गुणाकाराबद्दल शंका घेता येते. कारण त्याच निवेदनात असंही होतं, की सरासरी रायडरने वर्षात ३८ दिवस काम केलं. शनिवार-रविवारी रात्री ८ ते १० एवढंच लॉगिन करणारा विद्यार्थी आणि रोज दहा तास रस्त्यावर असणारा संसारी माणूस, दोघेही या १०२ मध्ये मिसळलेले आहेत. गर्दीच्या वेळेला ऑर्डरीमागून ऑर्डर येते, तेव्हा दर चढा असतो. दहा तास काढायचे तर दुपारचे आणि उशिराचे पडेल तास घ्यावेच लागतात. सगळ्यांची सरासरी घेऊन ती २६० तासांनी गुणली, की पडेल तासांचा वाटा पुसट होतो. खर्चाच्या २० टक्क्यांतही असंच होऊ शकतं. सायकलवर आणि बॅटरीच्या गाडीवर काम करणारेही त्यात असतात. आपल्या मोपेडवाल्याचं नुसतं पेट्रोल आणि देखभालच ३२ टक्के झाली, झीज वेगळी.

भाजकाचा हा वाद आपल्याकडेच नाही. कॅलिफोर्नियात २०२० च्या नोव्हेंबरमध्ये मतदारांनी ‘प्रपोझिशन २२’ मंजूर केलं. त्यात ॲपवरच्या चालकांना आणि डिलिव्हरी करणाऱ्यांना किमान वेतनाच्या १२० टक्क्यांची हमी आहे. ऐकायला दणदणीत वाटतं. पण ही हमी काम स्वीकारल्यापासून पुरं होईपर्यंतच्या वेळाचीच, मधली वाट बघणी त्यात नाही. बर्कलीच्या संशोधकांनी मतदानाच्या आधी, २०१९ मध्येच, उबर-लिफ्टच्या चालकांसाठी हिशेब मांडला होता. ताशी १५.६० डॉलरची हमी म्हणून जे सांगितलं जातं ते, बिनपगारी वाट बघणं आणि पूर्ण न मिळणारा खर्च धरल्यावर, ताशी ५.६४ डॉलरच उरतं.

न्यूयॉर्क शहराने दुसरी वाट धरली. तिथे २०२१ च्या कायद्यानुसार हॉटेलांचं जेवण पोचवणाऱ्यांसाठी किमान मोबदला ठरवण्यात आला, आणि कोर्टकज्जे संपल्यावर २०२३ च्या अखेरीला तो ताशी १७.९६ डॉलरपासून लागू झाला. २०२५ च्या एप्रिलमध्ये तो २१.४४ वर गेला. या दरात ऑर्डरीची वाट बघण्याचा वेळही हिशेबात घेतला आहे. परिणाम लगेच दिसला. रिकामं बसणं आता कंपनीलाच महाग पडू लागलं, म्हणून काही ॲपनी गर्दी नसताना लॉगिन बंद ठेवायला सुरुवात केली. काहींनी टिप देण्याचा पर्याय ऑर्डर देतानाच्या पानावरून काढून नंतर दाखवला. ज्यांना आत येता आलं त्यांचा ताशी दर सुधारला, पण हवं तेव्हा ॲप उघडून बसण्याची मोकळीक आकसली. वाट बघण्याची किंमत कुणीतरी मोजतंच. रायडर तासांत मोजत होता, कंपनीने ती लॉगिनच्या दारावर वळवली.

भारतात २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगाराची व्याख्या आली आहे, आणि त्यांच्या सामाजिक सुरक्षेसाठी कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के देण्याची तरतूदही. ताशी किमान मोबदला हा तिचा विषय नाही. तेव्हा आपला भाजक ठरवणं सध्या रायडरच्याच हातात आहे.

त्यासाठी फार काही लागत नाही. सोमवारी सकाळी टाकी फुल करून काट्यावरचं किलोमीटर लिहून ठेवायचं, पुढच्या सोमवारी पुन्हा टाकी फुल करून काटा बघायचा. मध्ये भरलेलं आणि शेवटी मावलेलं पेट्रोल मिळून त्या किलोमीटरचं खरं पेट्रोल. वहीत रोज फक्त दोन वेळा: घरून निघाल्याची आणि परत आल्याची. लॉगिनचे तास, ऑर्डरी आणि पैसे ॲपवर मिळतात. आठवड्याच्या शेवटी एकूण पैशांतून एकूण खर्च वजा करून एकूण तासांनी एकदाच भागायचं. रोजचा दर काढून त्या सात दरांची सरासरी घेऊ नये. त्यात तीन तासांचा चांगला रविवार आणि अकरा तासांचा पडेल बुधवार एकाच वजनाचे होतात.

दोन ॲप एकाच वेळी चालू ठेवणाऱ्याने आणखी एक काळजी घ्यायची. एका ॲपवर ८ आणि दुसऱ्यावर ७ तास लॉगिन दिसलं म्हणून ते १५ तास होत नाहीत. घड्याळातला तास एकदाच मोजायचा, पैसे दोन्हीकडचे धरायचे. तसं न केल्यास दर उगाच पडलेला दिसतो. आणि हिशेबाचा आठवडा बघून निवडायचा. धो-धो पावसाचा, गणपतीचा किंवा ३१ डिसेंबरचा आठवडा घेतला तर येणारा आकडा जुलैच्या उघडीप असलेल्या बुधवारी कामाला येणार नाही. निदान चार साधे आठवडे लिहून झाले, की दुपारी ॲप उघडायचं की नाही, लांबच्या झोनला जायचं की घराजवळचा कमी ऑर्डरींचा झोन घ्यायचा, हे त्या वहीतूनच ठरवता येतं.